मदत हवी आहे: थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास ठराव, आकडा नक्की किती लागतो?

आमच्या वहिनी डिसेंबर 2022 मध्ये थेट जनतेतून सरपंच झाल्या. सदस्य 11. रस्त्याच्या कामाचं मोजमाप झालेलं नसताना ठेकेदाराच्या बिलावर सही करायला त्यांनी नकार दिला, तेव्हापासून बिनसलं. परवा आठ सदस्यांनी तहसीलदारांकडे अविश्वासाची नोटीस दिली आणि त्याच रात्री सगळे सहलीला गेले. फोन बंद. नोटिशीत कारण एकच, ‘विश्वासात घेत नाहीत’. बिलाचा मुद्दा सभेत मांडला तर ठराव पडेल का?

बांधावरचा: नोटिशीला एकतृतीयांश सह्या पुरतात. आठ म्हणजे खूप झाले. वहिनी गेल्या समजा.

निवृत्त ग्रामसेवक: एकतृतीयांश हा जुना नियम झाला. 2017 च्या दुरुस्तीनंतर नोटिशीलाच दोनतृतीयांश सदस्य लागतात, आणि ठराव मंजूर व्हायला तीनचतुर्थांश. 11 चे तीनचतुर्थांश सव्वाआठ, म्हणजे नऊ मतं हवीत. त्यांच्याकडे आठच आहेत. तहसीलदार सात दिवसांत विशेष सभा बोलावतील आणि तेच अध्यक्ष असतील. वहिनींना बोलता येईल, मतही देता येईल. त्यांनी बिलाबद्दल जरूर बोलावं, पण कारण खरं की खोटं हे ती सभा ठरवत नाही. तिथे हात मोजले जातात.

सुनंदा_क: आमच्या उपसरपंचांना सदस्यांनी एका सभेत काढलं, गावाला कुणी विचारलंही नाही. तुमच्याकडेही तेच होणार.

निवृत्त ग्रामसेवक: ताई, उपसरपंचाचं वेगळं. थेट सरपंचाचा ठराव सदस्यांनी मंजूर केला तरी तो विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि गावकरी गुप्त मतदान करतात. सदस्य फोडता येतात, अख्खं गाव सहलीला नेता येत नाही.

धागाकर्ता: एक सांगायचं राहिलं. आमच्या बाजूच्या एका सदस्यावर महिन्याभरापूर्वी अतिक्रमणाची तक्रार झाली आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे सुनावणी सुरू आहे.

निवृत्त ग्रामसेवक: मग खरा डाव तिथेच आहे! हिशोब त्या वेळी मत द्यायला पात्र असलेल्यांचाच होतो. तो सदस्य सभेआधी अपात्र ठरला तर उरले 10, त्याचे तीनचतुर्थांश साडेसात, म्हणजे आठ पुरतात. नववा फोडायची गरजच नाही. त्या सुनावणीला चांगला वकील द्या. घराची मोजणी, कर पावत्या, ताब्याची जुनी कागदपत्रं आजच काढा. निकाल विरोधात गेलाच तर लगेच आयुक्तांकडे अपील आणि स्थगितीचा अर्ज.

बांधावरचा: पण थेट सरपंच स्वतः एकूण संख्येत धरायचा ना? मग 11 च राहतात आणि नऊच लागतात.

निवृत्त ग्रामसेवक: मी धरेन, समोरचे धरणार नाहीत. सभेआधी तहसीलदारांना लेखी विचारा, एकूण संख्या किती धरणार, आणि पोच घ्या. ठराव झालाच तर सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद न्यावा लागतो. तिथे तो कागद लागेल.

धागाकर्ता: उद्या सकाळीच अर्ज देतो. मोजणीची नक्कल तातडीने कुठून मिळेल, कुणाला माहीत आहे का?