मदत हवी आहे: व्हिक्स ३० च्या वर गेला की खरेदी करावी, हे कितपत खरं?

ऋतुजा_म
नमस्कार मंडळी. माझी गुंतवणूक एसअँडपी ५०० च्या इंडेक्स फंडात आहे. थोडी रक्कम मुद्दाम हाताशी ठेवली आहे आणि ती कधी घालायची याचा नियम शोधते आहे. 'व्हिक्स ३० च्या वर म्हणजे सगळे घाबरलेत, तेव्हा घ्या' असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. दुसरीकडे कोणी म्हणतं की व्हिक्स वाढला म्हणजे बाजार अजून पडणार. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? हा आकडा नेमकं काय सांगतो?

तळशोधक
सोपं आहे ताई. बाजार पडला की व्हिक्स चढतो, बाजार सावरला की उतरतो. उलटं नातं आहे. त्यामुळे व्हिक्स शिखरावरून खाली यायला लागला की तळ झाला समजायचं आणि घ्यायचं.

प्रीमियमवाला
माझाही असाच प्रश्न आहे. निकालाच्या आदल्या दिवशी एका शेअरचा कॉल घेतला होता. निकाल चांगला लागला, शेअर वर उघडला, तरी प्रीमियम खाली! माझी दिशा बरोबर होती, मग पैसे गेले कुठे?

श्रीरंग_द
ऋतुजा, व्हिक्स येतो ऑप्शनच्या किमतींतून. एसअँडपीच्या पुट आणि कॉल दोन्हींच्या प्रीमियमवरून पुढच्या साधारण ३० दिवसांत बाजार किती हलेल याचा अंदाज काढतात आणि तो वार्षिक टक्क्यांत मांडतात. रोजची हालचाल हवी असेल तर १६ ने भागा. वर्षात व्यवहाराचे साधारण २५२ दिवस असतात आणि त्याचं वर्गमूळ १६ च्या जवळ येतं. म्हणजे व्हिक्स १६ असेल तर रोज साधारण १ टक्का, ३२ असेल तर २ टक्के. या आकड्याला अधिक-उणे चिन्ह नाही. २० नोव्हेंबर २००८ ला व्हिक्स ८०.८६ वर बंद झाला, म्हणजे रोज ५ टक्क्यांची अपेक्षा. त्या दिवशी बाजार ६.७ टक्के पडला होता आणि दुसऱ्याच दिवशी ६.३ टक्के चढला. दोन्ही दिवस त्या आकड्याशी सुसंगतच होते.

तरी त्याला भीतीचा मापक म्हणतात, कारण घसरण सहसा तेजीपेक्षा झपाट्याने येते आणि फंडवाले तेव्हा विमा म्हणून पुट घ्यायला धावतात. त्या मागणीने प्रीमियम फुगतो. तळशोधक म्हणतात ते उलटं नातं यातूनच येतं, पण ते त्याच दिवसापुरतं आहे. उद्याचं त्यातून कळत नाही.

आता तुमचा ३० चा नियम. लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली त्या दिवशी, १५ सप्टेंबर २००८ ला, व्हिक्स ३१.७० वर बंद झाला आणि एसअँडपी ११९३ च्या आसपास होता. नियम पाळून तेव्हा सगळी रक्कम घातली असती, तर ९ मार्च २००९ ला इंडेक्स ६७६.५३ वर आला तेव्हा ती ४३ टक्क्यांनी घटलेली दिसली असती.

आणि त्या तळाच्या दिवशी व्हिक्स ५० च्याही किंचित खाली होता. नोव्हेंबरमध्ये इंडेक्स ७५२ वर होता आणि व्हिक्स ८० वर. पुढे व्हिक्स एवढा उतरला आणि बाजार आणखी १० टक्के पडला. तोपर्यंत घसरण अंगवळणी पडली होती, रोजचे धक्केही लहान झाले होते.

प्रीमियमवाला, तुमचं प्रकरण एका शेअरचं आहे, पण मुळाशी तेच. निकाल लागेपर्यंत प्रीमियममध्ये अनिश्चिततेची किंमत असते, ती निकालासरशी निघून गेली. शेअर चढल्याने मिळालं ते त्याहून कमी पडलं.

तळशोधक
मान्य, तळ नेमका सापडत नाही. पण २० नोव्हेंबरला घेतलेल्याला वर्षभराने इंडेक्स १०९१ वर दिसला. हा फायदा कमी आहे का?

श्रीरंग_द
फायदा खराच. पण शिखर हे शिखर होतं हे नंतर कळतं. २७ ऑक्टोबरला व्हिक्स ८०.०६ वर बंद झाला होता. मग तो उतरू लागला, तुमच्या नियमाने घ्यायची वेळ तीच. इंडेक्स २७ ऑक्टोबरला ८४९ वर होता आणि महिन्याच्या आत ७५२ वर आला.

ऋतुजा_म
म्हणजे व्हिक्स पाहून मी रक्कम किती हप्त्यांत विभागायची ते ठरवू शकते, दिवस नाही. ४० च्या आसपास असेल तर रोज अडीच टक्के इकडेतिकडे होणार हे धरून हप्ते लहान ठेवायचे. बरोबर ना?

श्रीरंग_द
हो, त्या कामाला तो आकडा चांगला आहे.

तळशोधक
मला अजून वाटतं की ८० सारख्या टोकाला वर्षभराचा विचार केला तर बाजू खरेदीदाराची असते. २०२० ला पण तसंच झालं.

श्रीरंग_द
२०२० ला १६ मार्चला ८२.६९ वर बंद झाला आणि तळ आठवड्याने आला, साधारण ६ टक्के खाली. वर्षभराने फायदा झाला हे खरं. पण ८० च्या वर बंद होण्याचे प्रसंग या दोन संकटांतलेच आहेत, तेवढ्यावर नियम बांधायला माझं मन धजत नाही. कोणाकडे १९८७ च्या पडझडीचे जुन्या पद्धतीने काढलेले आकडे असतील तर इथे द्या, ते ताडून बघू.