प्रति: डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच ना?

"डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असते म्हणतात. मग घरच्या फाइल सर्व्हरला ईसीसी रॅम आणि महागडा वर्कस्टेशन बोर्ड कशाला?"

ईसीसी म्हणजे रॅममधल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय, पण डीडीआर५ मधली ती चिपच्या पोटातली. चिपमधला एखादा बिट उलटला तर ती दुरुस्त करते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही बिघडले तर तिला पत्ताच नसतो, आणि केलेली दुरुस्ती ती सिस्टिमला कळवतही नाही. खऱ्या ईसीसी मॉड्यूलवर त्यासाठी जादा चिप्स असतात.

बोर्डाचे म्हणाल तर इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप कोअरला ईसीसीसाठी डब्ल्यू६८० चिपसेट लागतो, तिथे जादा पैसे मोजावेच लागतात. एएमडीच्या एएम५ रायझनला मात्र साधा बोर्डही चालतो, फक्त त्याच्या माहितीपत्रकात ईसीसीचा स्पष्ट उल्लेख हवा. 'ईसीसी मॉड्यूल चालते' एवढेच लिहिले असेल तर सावध, रॅम चालेल पण दुरुस्ती बंद असू शकते. मॉड्यूल डेस्कटॉपच्या यूडीआयएमएम प्रकारचे, ईसीसीवालेच घ्या, स्वस्त मिळते म्हणून सर्व्हरची आरडीआयएमएम आणलीत तर ती स्लॉटमध्ये बसणारच नाही.

जोडल्यावर किती चुका दुरुस्त झाल्या ते लिनक्समध्ये बघा:

```
grep . /sys/devices/system/edac/mc/mc*/ce_count
```

शून्य आले तर उत्तम. फाइलच नाही म्हणाले तर बहुधा बायोसमध्ये ईसीसी बंद आहे किंवा या चुका मोजणारा कर्नलचा ईडॅक ड्रायव्हर चढलेला नाही. आकडा वाढत राहिला तर आधी रॅमचा वेग उतरवून बघा, मग मॉड्यूल बदला.