मदत हवी आहे: रात्रीच्या पावसाचं नोटिफिकेशन सकाळी उन्हात पोचतंय

औसारोड_वासी: मंडळी, लातुरातल्या एका छोट्या फूड डिलिव्हरी अ‍ॅपसाठी मी नोटिफिकेशनचे मजकूर लिहितो. परवा साडेसहाला पाऊस कोसळायला लागला तसं मी पाठवलं: "बाहेर धो धो पाऊस, आत गरमागरम कांदा भजी! आत्ताच मागवा." आमच्या भागात रात्रभर लाइट नव्हती, टॉवरही बंद. बऱ्याच जणांना ते सकाळी नऊला मिळालं. एकानं स्क्रीनशॉट पाठवला, "पाऊस कुठाय दादा?" काय करावं? फायरबेस वापरतो.

गोदाकाठ: प्रायॉरिटी high करा, लगेच जातं.

जुना_खटपट्या: high नं झोपलेला फोन जागा होतो, पण रेंजच नसेल तर काय उपयोग? मुदत दिली नाही तर फायरबेस मेसेज चार आठवडे धरून ठेवतो आणि फोन नेटवर आला की देतो. तुमचं तेच झालं. मुदत द्या:

```json
"android": {
  "ttl": "3600s",
  "collapse_key": "paus"
}
```

तासाभरात पोचलं नाही तर मेसेज रद्द होतो. collapse_key च्या ओळीमुळे अडकलेल्या तीन मेसेजपैकी शेवटचाच पोचतो. आयफोनला हे लागू नाही, तिथं apns-expiration मध्ये वेळ द्यावी लागते.

मजकुराचं म्हणाल तर न उघडलेल्या नोटिफिकेशनची जेमतेम एक ओळ दिसते, अन् तुमची अर्धी ओळ पावसातच वाहून गेली. पदार्थ आधी घ्या. शिवाय लातुरात कांदा भजी कोण म्हणतं हो? भजे म्हणा!

नांदेडचा_हॉटेलवाला: ही नोटिफिकेशनं बंद कशी करायची तेही सांगा. मागच्या पावसात एका अ‍ॅपनं असंच काहीतरी पाठवलं अन् वीस मिनिटांत सतरा ऑर्डरी आल्या. पोरं दोनच, तीही गुडघाभर पाण्यात. भजे गार झाले, शिव्या मला.

औसारोड_वासी: दादा, तुमचा प्रश्न वेगळाय, पण लागला. पावसात ऑर्डरी वाढतात अन् पोरं कमी होतात, हे मी धरलंच नव्हतं. नवा मजकूर असा केलाय. शीर्षक: "गरम भजे अन् चहा". खाली: "आज पोचायला ५० मिनिटं लागतील. ९ पर्यंत ऑर्डर घेतोय."

जुना_खटपट्या: हे बरंय. "बाहेर पाऊस" काढलंत तेही बेस. आपल्याकडं औशाला कोसळतो अन् रेणापूर कोरडं, तिथं पेरणी करून आभाळाकडं बघत बसलेल्या माणसाला ते वाचून काय वाटेल? फक्त ५० हा आकडा स्वयंपाकघराला विचारून टाका.

नांदेडचा_हॉटेलवाला: अन् आठलाच पोरं संपली तर? गेलेलं परत घेता येतं का?

जुना_खटपट्या: अँड्रॉइडवर दोन्हींना एकच tag दिला तर नवं नोटिफिकेशन जुन्याच्या जागी बसतं. "आजच्या ऑर्डरी बंद" असं पाठवता येईल. पण ज्यानं आधीच उघडून ऑर्डर टाकली, त्याचं काय करायचं ते अ‍ॅपवाल्यांनाच ठरवू द्या.

औसारोड_वासी: आज पुन्हा आभाळ भरून आलंय. ttl टाकलंय, रात्री सांगतो.