विषय: स्थापनेचा ग्रुप फोटो, लालपणा कसा घालवायचा?

प्रेषक: मंजिरी

मंडळी, स्मरणिका शुक्रवारी छपाईला द्यायचीय आणि पायऱ्यांवरचा तो ग्रुप फोटो अजून लालभडकच आहे. स्कॅन सुहासकाकांनी करून दिलाय, त्यांचे आभार. फोनच्या गॅलरीतलं ऑटो दाबलं तर फोटो उजळला पण लाल होता तस्साच. मग स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सचा ठिपका पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या शर्टावर नेला, शर्ट झाला पांढरा पण सगळ्यांचे केस मेंदी लावल्यासारखे! मला फोटोशॉप येत नाही आणि आता शिकायचंही नाहीये. फुकटातलं, सोपं, एखाद-दुसरं बटण दाबून होईल असं काही आहे का? उपदेश नकोत, बटणं सांगा.

प्रेषक: नंदू

अगं सोप्पंय, टेम्परेचरची पट्टी निळ्याकडे ओढ आणि टिंट थोडा हिरव्याकडे. मी सगळे जुने फोटो असेच करतो, एका फोटोला मिनिटसुद्धा लागत नाही. केसांकडे कोण बघतंय!

प्रेषक: प्राची

मंजिरीताई, ब्लॅक अँड व्हाइटला रंग द्यायचे असतील तर मायहेरिटेजवर एका क्लिकवर होतं, मी माझ्या आजोबांचा केला, फार सुंदर आला. आणि चेहरे धूसर असतील तर चेहरे स्पष्ट करणारी ॲप्स पण आहेत, पापण्यासुद्धा दिसायला लागतात.

प्रेषक: मंजिरी

प्राची, फोटो रंगीतच आहे गं, रंग उडालेत. नंदू, तुझं केलं. आता केस लाल आणि शर्ट निळसर. थँक्यू.

प्रेषक: सुहासकाका

सर्वांना नमस्कार. मी दिलेला स्कॅन मूळ फोटोबरहुकूम आहे, त्यात मी मुद्दाम काहीही केलेलं नाही, पांढरी चौकटसुद्धा ठेवली आहे. अभिलेख म्हणून तसाच राहिला पाहिजे. मागे वर्धापनदिनाच्या वेळी माझ्या स्कॅनवर कोणीतरी फिल्टर मारून तीच फाइल परत फोल्डरमध्ये ठेवली होती, ते सगळ्यांना आठवत असेलच. आणि अल्बम कोणाकडेही जाणार नाही. चिकट पानांचा आहे, फोटो ओढून काढायला गेलं की मागचा कागद फाटतो, म्हणून मी पानासकट स्कॅन केलंय.

प्रेषक: अनिल

काका, मूळ स्कॅनला कोणी हात लावू नये हे एकदम मान्य, मंजिरीने कॉपीवरच काम करावं. पण पांढऱ्या चौकटीवरच तिची गाडी अडलेली असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या काळातल्या रंगीत प्रिंटमध्ये सायन, मजेंटा आणि पिवळा असे तीन रंग एकावर एक असतात. अल्बममध्ये अंधारात पडून राहिलेल्या प्रिंटमधला सायन बहुतेक वेळा सगळ्यात आधी उडतो. सायनचं काम लाल उजेड अडवायचं. तो गेला की काळ्या केसांतूनसुद्धा लाल परत यायला लागतो. म्हणजे बिघाड सावल्यांमध्ये आहे. नंदूची पट्टी आणि व्हाइट बॅलन्सचा ठिपका मुख्यतः उजळ भागाचा तोल बदलतात, गडद भागाला फारसा फरक पडत नाही. म्हणून शर्ट सुधारला आणि केस राहिले. गॅलरीतलं ऑटो बहुधा लाल, हिरवा, निळा तिघांना एकत्रच ताणतं, त्यामुळे फोटो उजळतो पण झाक हलत नाही.

हवंय ते तिन्ही चॅनल वेगवेगळे ताणणं. मी आत्ता तुझी फाइल उघडून बघितली. चौकट सोडून नुसत्या फोटोत, शून्य म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पूर्ण उजळ या मापात, लाल साधारण १०५ पासून सुरू होतो, हिरवा ४० पासून, निळा ३० पासून. खरं म्हणजे काळ्या केसांत तिघेही शून्याच्या आसपास हवेत. निळा वर १९० लाच संपतो, तो कागदाचा पिवळेपणा.

जिंप फुकट आहे, ते टाक. फोटो उघड, चौकोनी सिलेक्शनने फक्त चित्र निवड, चौकट आणि अल्बमचं पान बाहेर राहू दे, मग `Image > Crop to Selection`. त्यानंतर `Colors > Auto > White Balance`. नाव व्हाइट बॅलन्स असलं तरी जिंपमध्ये ते तिन्ही चॅनल वेगळे ताणतं, दोन्ही टोकांचे अगदी थोडे पिक्सेल सोडून. एवढंच, बाकी काही नाही.

कापायचं का, तर चौकट ठेवलीस की जिंपला तीच सगळ्यात पांढरी वाटते आणि पानाची काळी कड सगळ्यात काळी. मग ताणायला काही उरतच नाही, बटण दाबून काही झालं नाही असं वाटतं आणि माणूस दुसरं ॲप शोधायला जातो.

प्रेषक: नंदू

मेंदी लपवायला एवढं रामायण! माझी पट्टी मी सोडत नाही. आणि फोनवर जिंप चालत नाही.

प्रेषक: अनिल

फोनवरच करायचं तर स्नॅपसीडमध्ये आधी क्रॉप, मग कर्व्ज, त्यात रेड निवडायचा आणि डावीकडचा खालचा ठिपका आडवा उजवीकडे सरकवायचा, केस काळे दिसेपर्यंत. मग निळ्याचा उजवीकडचा वरचा ठिपका डावीकडे, शर्टाचा पिवळेपणा जाईपर्यंत. होतं. फक्त डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो आणि फोनचा स्क्रीन रात्री पिवळट करायची सोय चालू असेल तर सगळंच चुकतं, ती आधी बंद कर.

प्रेषक: मंजिरी

अनिलदादा, झालं!! पहिल्यांदा न कापता करून बघितलं, खरंच काहीच झालं नाही. कापल्यावर एकदम उठला फोटो, केस काळे, पायऱ्या करड्या. पण तीन गोष्टी. एक, रंग जरा भडकच झालेत. दोन, सावलीत ठोकळे ठोकळे दिसतायत, विशेषतः मागच्या भिंतीवर. तीन, मधल्या रांगेतली शोभाताईंची साडी निळी आली. ती हिरवी होती ना?

प्रेषक: शोभाताई

मंजिरी, ती साडी मोरपंखी. हिरवी नाही आणि निळी तर मुळीच नाही. अजून कपाटात आहे.

प्रेषक: सुहासकाका

साडी हिरवी होती. मी स्वतः फोटो काढला आहे.

प्रेषक: शोभाताई

सुहासराव, तुम्ही फोटो काढलात, साडी मी नेसले होते.

प्रेषक: अनिल

भडकपणासाठी: कापल्यावर, White Balance दाबायच्या आधी `Layer > Duplicate Layer`, मग वरच्या लेयरवरच ते बटण दाबायचं आणि त्याची Opacity ७०-७५ वर आणायची. खालचा जुना फोटो थोडा मिसळतो, चेहरे माणसांचे दिसतात.

ठोकळ्यांचं कारण स्कॅन. लालचा १०५ ते २४५ एवढाच पट्टा ओढून शून्य ते २५५ केला, म्हणजे जेमतेम १४० पायऱ्या होत्या त्याच लांब केल्या, मधे फटी पडणारच. त्यात जेपेग. काका, तुमच्या स्कॅनरमध्ये ४८ बिट कलर आणि टिफ असेल तर त्या पानाचा एकदा तसा स्कॅन मिळेल का? ६०० डीपीआय पुरे. अल्बम तुमच्याकडेच राहू दे. आणि एप्सनच्या सॉफ्टवेअरमध्ये `Color Restoration`, कॅननच्यात `Fading Correction` अशी टिक असते. ती मारून दुसरी एक फाइल काढलीत तर मंजिरीचं अर्धं काम स्कॅनरच करेल. पहिली फाइल अर्थातच टिक न मारता, अभिलेखाची.

साडीबद्दल: मूळ स्कॅनमध्ये, काही न करता, ती जागा मोठी करून बघा. हिरव्यात पिवळा आणि सायन असतात, सायन गेला की उरतो पिवळट खाकी. निळ्यात मजेंटा आणि सायन, तिथे सायन गेला की जांभळट गुलाबी उरतो. मला तरी पदर खाकीकडे आणि निऱ्या जांभळटाकडे दिसतायत, म्हणजे शोभाताई म्हणतात तसं मधलंच काहीतरी असेल. नेमकी छटा आता फोटोतून निघणार नाही, तिथला सायन जवळजवळ संपलाय. शोभाताई, साडीचा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश न मारता फोटो पाठवलात तर मंजिरीला तेवढीच जागा निवडून जुळवता येईल.

प्रेषक: प्राची

मी चेहरे स्पष्ट करणाऱ्या एका ॲपमधून मंजिरीताईंची नवी फाइल काढली, लिंक फोल्डरमध्ये आहे. बघा तरी किती शार्प!

प्रेषक: शोभाताई

मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण हे? आमच्या ह्यांना इतके सरळ दात कधीच नव्हते.

प्रेषक: अनिल

प्राची, मागच्या रांगेतला एकेक चेहरा त्या स्कॅनमध्ये जेमतेम ४० पिक्सेल रुंद आहे. तेवढ्यात दात नसतातच, ॲप ते स्वतःच्या मनाने काढतं, इतर हजारो चेहरे बघून शिकलेलं असतं तसे. पुढची रांग बरी वाटते कारण तिथे मुळात माहिती होती. मूळ आणि नवा फोटो १०० टक्क्यांवर शेजारी ठेवून डोळे आणि तोंड बघ, नाक बसल्या जागी बदललेलं दिसेल. स्मरणिकेत नावं छापणार आहोत, तिथे हे नको असं माझं मत. धूळ आणि ओरखडे काढायला स्नॅपसीडचं हीलिंग चालेल, पण रंग झाल्यावर, कारण रंग ताणले की आधी न दिसणारे ठिपकेही वर येतात. चेहऱ्यावरून ओरखडा गेला असेल तिथे खूप मोठं करून छोटा छोटा भाग घे, एकदम बोट फिरवलं की भुवई पुसली जाते.

प्रेषक: प्राची

पण स्क्रीनवर दाखवायला काय हरकत आहे? पुस्तकात नको ठीक आहे. लोकांना स्पष्ट फोटो आवडतात, ४० पिक्सेल कोण मोजणार आहे.

प्रेषक: नंदू

+१ प्राची. आणि दात सरळ आले तर बिघडलं काय.

प्रेषक: सुहासकाका

अनिल, ४८ बिटचा पर्याय सापडला. टिफ फाइल इतकी मोठी झाली की मेलने जात नाही, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर ती लहान होते हे मला माहीत आहे, त्यामुळे तसं पाठवणार नाही. दोन्ही फाइल उद्या फोल्डरमध्ये ठेवतो. टिक मारलेल्या फाइलच्या नावात «रंग» असेल, मूळच्या नावात «अभिलेख». अभिलेखवर कोणी सेव्ह दाबू नये. नंदू, तू विशेषतः.

प्रेषक: मंजिरी

काका, «रंग» फाइल सकाळी मिळाली तर बरं, दुपारी लेआउट बंद करायचाय. शोभाताई, साडीचा फोटो आज पाठवता का? नाहीतर ती निळीच छापली जाईल.

प्रेषक: शोभाताई

कपाटाची किल्ली शोधतेय. तोवर निळी छापू नकोस.