थांबावं की पेरावं? कोणती म्हण कुठल्या रानात लागू?

वडगावकर: ‘थांबला तो संपला’ म्हणतात आणि ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ असंही म्हणतात. मिरगाचा पहिला पाऊस पडला की यातलं कुठलं ऐकायचं?

खानापूर शिवार: आधी बियाणं कुठलं ते सांगा. आपल्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी पावसाआधीच करतात, आणि ते योग्यच आहे. कोरड्या मातीत कोरडं भात नुसतं पडून राहतं, पाऊस लागला की उगवतं. तिथं वाट बघणाऱ्याच्या रानात चिखल होतो आणि पेरणी अडते.

सोयाबीनचं उलट. साल पातळ, त्यामुळं अर्धवट ओलीतही बी फुगतं, मोड फुटतो आणि वरची ओल उडाली की तो वाळून जातो. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत बाशिंग बांधूच नका.

सदलगा: पण ही म्हण लग्नातली. पेरणीला कशाला लावायची?

निपाणी काळी माती: लावायला हरकत नाही, पण 100 मिलिमीटर धरून बसणं मला पटत नाही. काळ्या रानात झड लागली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. इथं थांबलेलाच फसतो.

खानापूर शिवार: वाफशाचं बरोबर आहे दादा. पण म्हणून पहिल्या सरीवर पेरायचं असं होत नाही. खुरप्यानं वीतभर उकरा. चार बोटांखाली माती कोरडी लागली तर थांबा. खालपर्यंत ओल असेल, मुठीत गोळा होत असेल आणि तो बोटानं दाबल्यावर फुटत असेल, तर त्याच दिवशी पेरा. बी 3 ते 5 सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, वर पापुद्रा धरला तर कोंब बाहेर येत नाही.

चिकोडीची ताई: मी चूक किती महाग पडते ते बघते. दोन एकराला साधारण 60 किलो सोयाबीन लागतं. घाईत पेरून मोड वाळले तर ते सगळं गेलं, आणि दुबार पेरणीला ऐनवेळी मिळेल ते बियाणं घ्यावं लागतं. आठवडा थांबलात तर आठवडाच जातो, जूनअखेरपर्यंत फारसं बिघडत नाही. जुलैचा मध्य ओलांडला की मात्र उतारा घटतो, तेव्हा थांबायची म्हण सोडायची. आणि बी आधीच तपासा: ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवले तर निदान 70 उगवले पाहिजेत.

भातालाही एक धोका आहे. वळवाची एक सर येऊन मोड फुटले आणि मग उघडीप पडली, तर धूळवाफेचं भातही वाळतं.

निपाणी काळी माती: मग निम्मं रान आत्ता, निम्मं नंतर पेरावं. दोन्ही म्हणी पाळल्या जातात.

खानापूर शिवार: मळणी दोनदा येईल, मशीनवाला एक एकरासाठी दोनदा येईल का?

चिकोडीची ताई: शेजारच्या रानाबरोबर जुळवलं तर येईल. नाही जुळलं तर काढलेलं पीक पावसात सापडतं.