समूहछायाचित्रातला ब्राचा पट्टा न विचारता काढावा का?

धागाकर्ता (स्टुडिओचालक): शाळेतील निरोप समारंभाचा समूहफोटो काढला असून त्याची बारा बाय अठरा इंचांची फ्रेम करायची आहे. मधोमध बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकांच्या डाव्या खांद्यावर, हिरव्या ब्लाउजच्या काठाबाहेर, ब्राचा पांढरा पट्टा दिसतो; मागच्या रांगेतील एका शिक्षकांच्या शर्टाचे लेबल कॉलरबाहेर आले आहे. हे सारे न विचारता काढावे, की आधी दाखवावे?

झटपटराव: यात विचारण्यासारखे काय आहे? विचारायला गेलात, तर बाईंना उगाच अवघडल्यासारखे होईल. फोटोशॉपमधला स्पॉट हीलिंग ब्रश फिरवला की दोन मिनिटांत पट्टाही जातो आणि लेबलही जाते.

वाचनवेडी: मला हे पटत नाही. लेबल चुकून बाहेर आले आहे, हे कोणीही मान्य करील. पट्ट्याच्या बाबतीत मात्र स्त्रीच्या अंगावरचे काय दिसावे, हे स्टुडिओ परस्पर ठरवतो. त्याच फोटोत पातळ पांढऱ्या शर्टांतून किती जणांचे बनियन स्पष्ट दिसत असतील, ते पाहा. ते पुसावेत की नाही, असा धागा कोणी काढत नाही. बाईंना पट्टा खटकत नसेल, तर तो तसाच राहू द्यावा.

जुना रिटचर: नियम वाचनवेडी म्हणतात तसाच हवा, पण संकोचाचा मुद्दाही खोटा नाही. त्यामुळे पट्ट्याचे नाव न घेता, ‘कपड्यांवरचे सुटे धागे, लेबल, पट्ट्या नीट करून द्यायच्या का?’ असे सर्वांना एकदाच विचारावे आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

दोन मिनिटांचे म्हणाल, तर सुटा धागा खरोखरच तेवढ्यात जातो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना एकच कापड असते आणि धाग्याहून किंचित रुंद ब्रश पुरतो. पट्ट्याच्या एका बाजूला त्वचा असते, तर दुसऱ्या बाजूला हिरवा काठ. हीलिंग ब्रश कडेचे रंग एकमेकांत मिसळतो आणि खांद्यावर हिरवट डाग उमटतो. म्हणून मी तिथे त्वचा रंगवतच नाही. ब्लाउजच्या काठाचा पट्ट्यालगतचा तुकडा निवडून नव्या लेयरवर घेतो आणि वार्पने थोडा बाहेर सरकवून पट्ट्यावर ओढतो. नाहीतरी पट्टा कापडानेच झाकला जायला हवा होता. कडेचा जोड क्लोन स्टॅम्पने वेगळ्या लेयरवर करतो आणि त्यासाठी Sample मध्ये `Current & Below` ठेवतो, म्हणजे मूळ चित्राला धक्का लागत नाही. जिथे पट्टा काठापासून बोटभर दूर गेला आहे, तिथे हा उपाय चालत नाही. तेवढा ब्लाउज वाढवला, तर गळ्याचा आकारच बदलतो. मग त्वचाच भरावी लागते.

फसगत बहुधा सावलीपाशी होते. पट्टा गेला, पण त्याची बारीक सावली आणि त्वचेवरचा वळ राहिला, तर तिथे काहीतरी पुसल्याचे लगेच कळते. काम झाल्यावर शंभर टक्के आकारात पाहावे आणि मग दोन्ही खांदे एकत्र दिसतील इतके लहान करूनही पाहावे.

झटपटराव: काठ पुढे ओढणे म्हणजे ब्लाउजच बदलणे नव्हे का? त्यापेक्षा त्वचा भरणे प्रामाणिक.

जुना रिटचर: दोन्हींत आपण न दिसलेले काहीतरी घालतोच. कापड मी त्याच फोटोतल्या त्याच काठाचे घेतो, एवढाच फरक.

नाशिककर आजोबा: माझ्या नातीचा अमेरिकेच्या व्हिसासाठीचा फोटो आहे, त्यातही खांद्यावर पट्टा आला आहे. हीच युक्ती तिथे वापरू का?

जुना रिटचर: आजोबा, तिथे मुळीच नको. संगणकावर फेरफार केलेला फोटो अमेरिकेचा परराष्ट्र विभाग स्वीकारत नाही. खांदा झाकणारा कपडा घालून नवा फोटो काढून घ्यावा. निरोपाच्या फ्रेमला असा नियम नाही, हाच काय तो फरक.

शिवणकाम करणारी: फोटोनंतर एवढी खटपट करण्यापेक्षा ब्लाउजच्या खांद्याच्या शिवणीत आतून टिच बटणाची छोटी पट्टी लावून घ्यावी. ब्राचा पट्टा तिच्यात अडकवला की बाहेर सरकत नाही. मी रुंद गळ्याच्या प्रत्येक ब्लाउजला ती लावते, आणि तरीही काही जणी ती न लावताच फोटोला बसतात.

वाचनवेडी: बसू देत की. एकदाच सर्वांना विचारण्याची सूचना मात्र मला मान्य आहे, फक्त बनियनचाही त्यात समावेश करा.

धागाकर्ता: बनियन शर्टाच्या आतून दिसते, त्यावर ओढायला काठ नाही, ते काढायचे तर अख्खा शर्ट पुन्हा रंगवावा लागेल आणि त्याचे पैसे कोणी देणार नाही. लेबल आजच काढतो. पट्ट्याबद्दल शाळेत कोणाकडे निरोप द्यावा, हे अजून ठरत नाही, कारण ऑर्डर शाळेच्या लिपिकांनी दिली आहे आणि बाईंचा नंबर माझ्याकडे नाही.