भरतीच्या नोट्सची वेबसाइट सात लाखांत घ्यावी का? (मदत हवी आहे)

कोथरूडकर: मंडळी, पोलीस भरतीच्या मराठी नोट्सची एक पाच वर्षं जुनी वेबसाइट विकायला आहे. कमाई फक्त अ‍ॅडसेन्सची. मालक गेल्या तीन महिन्यांची सरासरी २८,००० दाखवतो आणि तिच्या २५ पट, म्हणजे सात लाख मागतो. नफ्याच्या दोन-तीन वर्षांइतका भाव चालतो असं ऐकलंय. जुने लेख सुधारून दोनेक वर्षांनी विकायचा विचार आहे. भाव रास्त आहे का?

लिंकवाला: डीए किती? तिशीच्या वर असेल तर डोळे झाकून घ्या.

जुना गडी: डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइट सर्चमध्ये किती वर येईल याचा मॉझ कंपनीचा अंदाज. गूगल तो वापरत नाही. बंद पडलेली जुनी डोमेन विकत घेऊन इकडे वळवली की आकडा फुगतो. कोथरूडकर, ते तीन महिने भरतीची जाहिरात निघाल्यानंतरचे तर नाहीत ना? बारा महिन्यांची कमाई आणि खर्च मागा. स्क्रीनशॉट नको, तो ब्राउझरमध्ये कोणीही बदलतो. गूगलच्या सर्च कन्सोलला तुमचा ईमेल जोडून घ्या, तिथे १६ महिन्यांचे क्लिक दिसतात.

सासवडचा पाहुणा: माझ्याकडे आडनावाचं .in डोमेन पडून आहे. किती येतील?

जुना गडी: तेच आडनाव हवं असलेलं गिऱ्हाईक भेटेपर्यंत काही नाही. नूतनीकरणाचे पैसे मात्र दरवर्षी.

कोथरूडकर: आकडे मिळाले. वर्षाची कमाई १,५६,०००, त्यातले ८४,००० याच तीन महिन्यांतले. होस्टिंग आणि लिहिणारा मुलगा मिळून महिना ५,००० खर्च. शिवाय निम्म्याहून जास्त क्लिक शारीरिक चाचणीच्या गुणांच्या एकाच पानावर.

जुना गडी: म्हणजे महिन्याला १३,००० येतात, खर्च वजा जाता ८,००० उरतात. त्याचीच २५ पट धरली तरी दोन लाख होतात. त्यात सगळा भार एका पानावर. गूगलने ते खाली ढकललं की धंदा बसला. मी दीड लाखाच्या वर जाणार नाही. आणखी एक, अ‍ॅडसेन्सचं खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही. तुमच्या खात्यात साइट नव्याने मंजूर करून घ्यावी लागेल, तोवर कमाई बंद. पैसे एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाकडे ठेवा आणि डोमेन तुमच्या रजिस्ट्रार खात्यात आल्यावरच सोडा.

मीनल: बारा महिन्यांची सरासरीही फसवी वाटते मला. भरती काही दरवर्षी ठरल्या वेळी निघत नाही. ज्या वर्षी निघाली नाही, तेव्हाची कमाई बघितलीत का?

जुना गडी: मुद्दा बरोबर. तसं वर्ष मिळालं तर दीड लाखही जास्त ठरेल. पण पुढची जाहिरात लवकर निघाली तर मालक म्हणेल, मी स्वस्तात दिली.

कोथरूडकर: दोन लाखांचा हिशोब सांगितल्यावर मालक साडेचारवर आलाय. आधीच्या वर्षांचे अ‍ॅडसेन्सचे आकडे व्हिडिओ कॉलवर खातं उघडून दाखवा म्हटलं, तर "बघतो" म्हणाला. आज चौथा दिवस.